आबाजी, गणी म्हणजे काय?



गेल्या महिन्यात आमच्या घरी पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. इंग्लंडचं तिकीट, आणि आत वहीची तीन पानं, दोन्ही बाजूंनी मराठीत लिहिलेली. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा लेस्टरला शिकायला आहे. त्याने ते पत्र त्याच्या आबाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना लिहिलं होतं. मामाजी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हा पत्राचा खटाटोप. शेवटी एक ओळ माझ्यासाठीही होती : "मोठी आई, आबाजींना मोठ्याने वाचून दाखव, आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहून पाठव. तुझं घालू नकोस."

पत्र एका श्लोकाबद्दल होतं. आपल्याकडे झोपताना मुलांकडून नऊ वेळा णमोकार म्हणून घेतात, मग चत्तारि मंगल, आणि शेवटी तो छोटा श्लोक, ज्यात 'मंगलं' हा शब्द चार वेळा येतो : भगवान वीर, गौतम गणी, कुंदकुंद आणि जैन धर्म. आधीचे दोन पाठ प्राकृत आहेत, हा एकटा संस्कृत. दारव्ह्याच्या घरात आमची सगळी मुलं तो म्हणूनच झोपली. हा पुतण्या लहानपणी शेवटचा चरण "जैन धर्म वस्तू मंगलम्" असा म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

तो ज्या घरी पाहुणा म्हणून पैसे देऊन राहतो, ते घर एका वयस्क गुजराती बाईंचं आहे. लेस्टरमधले बरेच जैन आफ्रिकेतून तिकडे गेलेले गुजराती, तशाच या. सगळे त्यांना 'बा' म्हणतात. त्या नातीला निजवताना हाच श्लोक म्हणतात. याने सोबत म्हणायला सुरुवात केली, दोन चरण छान जुळले आणि तिसऱ्याला दोघं दोन दिशांना गेले. हा म्हणाला कुंदकुंद, बा म्हणाल्या स्थूलिभद्र. नात उठून बसली आणि तिने विचारलं, "खरं कोणतं?" मग तिचा दुसरा प्रश्न, "याचा अर्थ काय?" बांनी याच्याकडे पाहिलं आणि याने बांकडे.

याच्या पत्रातलं हे वाक्य वाचताना माझा आवाज जरा अडला : "आबाजी, वीस वर्षं मी हे रोज म्हणत आलो आणि मला एका सहा वर्षांच्या मुलीला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी म्हणणं बंद केलं आहे. अर्थ माहीत नसताना म्हणणं म्हणजे खोटं बोलणंच नाही का?" त्याखाली तीन प्रश्न लिहिले होते. अर्थ काय? दोघांपैकी बरोबर कोण? आणि हा श्लोक झोपतानाच का म्हणायचा?

मला वाटलं होतं मामाजी दुखावतील. ते म्हणाले, "पोराने बरं विचारलं. वही आण."

उत्तर चार संध्याकाळी चाललं. मामाजी कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात, आपल्या गुरुकुलात शिकलेले. शकुंतला गाडीत बसून दारव्ह्याहून कारंजाला जायचे. तिथे संस्कृत घोकून घेतलं होतं, ते अजून शाबूत आहे. मी बी.कॉम., माझा संस्कृतशी संबंध शाळेपुरता. पण त्यांनी ज्या पद्धतीने एकेक शब्द सोडवला ती मला जमाखर्च तपासण्यासारखीच वाटली, म्हणून इथे लिहिते आहे.

पहिला शब्द 'मंगलं'. जुने आचार्य तो दोन प्रकारे फोडून दाखवतात. 'मल' म्हणजे मळ, तो गाळून टाकतं ते मंगल. किंवा 'मंग' म्हणजे सुख, ते आणून देतं ते मंगल. हे बहुतेक जणींनी प्रवचनात ऐकलं असेल. मामाजींनी पुढचं जे सांगितलं ते मला नवीन होतं. 'वीर' हा शब्द पुल्लिंगी आहे. 'मंगल' हे त्याचं विशेषण असतं, 'मंगलमय वीर' अशा अर्थाचं, तर संस्कृतात तेही पुल्लिंगी व्हायला हवं होतं, 'मंगलः'. इथे ते नपुंसकलिंगी आहे, 'मंगलं'. म्हणजे हे विशेषण नाही, नाम आहे. भगवान वीर मंगल करतात किंवा मंगल देतात असं श्लोक म्हणत नाही. वीर हेच मंगल, असं म्हणतो. "मागणं नाहीच यात," मामाजी म्हणाले. "आपण रोज रात्री काहीतरी मागतो आहोत असं पोराला वाटत असेल, तर ते आधी पुसून टाक."

मग 'धर्म वस्तू'चा निकाल लागला. मूळ शब्द दोन आहेत : 'धर्मः' आणि 'अस्तु'. अस्तु म्हणजे असो. दोन्ही जोडताना विसर्गाचा ओ होतो आणि अस्तुचा अ गिळला जातो. पुस्तकात त्या गिळलेल्या अ च्या जागी इंग्रजी एस सारखी खूण (ऽ) छापतात, तिला अवग्रह म्हणतात. आपण ती खूण बघतो आणि पुढे जातो, आणि मुलांच्या कानात वस्तू उरते. वीर, गौतम आणि धर्म या तिघांच्या शेवटी जो 'ओ' ऐकू येतो, तो सगळा याच विसर्गाचा. वीरः, गौतमः, धर्मः.

आता गणी. पुतण्याने लिहिलं होतं की त्याला लहानपणी हा गणपतीचाच कुणीतरी वाटायचा. गण म्हणजे समुदाय, मुनींचा संघ. ज्याच्याकडे असा गण सोपवलेला, तो गणी. भगवंतांचे अकरा गणधर, त्यांत पहिले इंद्रभूती गौतम. इथे मामाजी थांबले आणि म्हणाले, "गौतमांची गोष्ट पूर्ण लिही. पोराच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे."

ती गोष्ट आपल्या परंपरेत अशी आहे. भगवंतांना केवलज्ञान झालं, समवसरण रचलं गेलं, सगळे येऊन बसले, आणि दिव्यध्वनी खिरेना. सहासष्ट दिवस शांतता. ऐकून धारण करणारा गणधर नव्हता. तेव्हा इंद्र म्हाताऱ्या ब्राह्मणाचं रूप घेऊन इंद्रभूती गौतमाकडे गेला. गौतम वेदांचा मोठा पंडित, पाचशे शिष्यांचा गुरू. म्हातारा म्हणाला, माझे गुरू मौनात आहेत, त्यांनी मला एक श्लोक दिला आहे, त्याचा अर्थ तेवढा सांगा. श्लोकात सहा द्रव्यं, पाच अस्तिकाय असे शब्द होते. गौतमांना प्रत्येक अक्षर वाचता येत होतं, पण अर्थ लागेना. तसं कबूल करणं जड गेलं, म्हणून म्हणाले, चल, तुझ्या गुरूशीच बोलतो. निघाले वाद घालायला, मानस्तंभ दिसला आणि मान गळून पडला. आषाढ वद्य प्रतिपदेला राजगृहीच्या विपुलाचलावर दिव्यध्वनी सुरू झाला. आपण वीरशासन जयंती करतो ती हीच.

मामाजींनी मला लिहायला सांगितलं : "तुझ्यासारखंच झालं होतं. त्यांनाही एका श्लोकाचा अर्थ विचारला आणि त्यांना सांगता आला नाही. पण ते विचारायला निघाले. तूही पत्र लिहिलंस. त्यामुळे खोटेपणाचा प्रश्न इथे मिटला."

दुसरा प्रश्न अवघड होता, कारण त्यात आपलं आणि त्यांचं येतं. मला वाटलं होतं मामाजी एका वाक्यात सांगतील की आपलं बरोबर. ते उठले आणि घरातली सगळी पाठाची पुस्तकं काढायला लावली. एकूण तीन निघाली. दोन पुस्तकांत तिसऱ्या चरणाच्या शेवटी 'कुंदकुंदाद्यो' छापलेलं, एकात 'कुंदकुंदार्यो'. इतकी वर्षं एका कपाटात शेजारी शेजारी होती, आणि फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता.

'आद्य' म्हणजे पहिला. समासाच्या शेवटी आला की 'हा ज्यांच्यात पहिला आहे ते सगळे', आपण हिशेबात 'इत्यादी' लिहितो तसा. पण इत्यादी म्हटलं की माणसं अनेक, मग रूप अनेकवचनी हवं, 'आद्याः', आणि पुढे 'जैन' आल्यावर विसर्ग जाऊन 'आद्या' उरायला हवा. 'आद्यो' हे एकवचन आहे. उलट 'आर्यो' घेतलं तर 'आर्य कुंदकुंद', एकच व्यक्ती, एकवचन, हिशेब जुळतो. मामाजींच्या गुरुकुलातल्या वहीतही आर्यो होतं असं ते म्हणतात. मला विचाराल तर मलाही व्याकरणाच्या दृष्टीने आर्यो जास्त स्वच्छ वाटतं. पण म्हणणारे बहुतेक जण आद्यो म्हणतात आणि त्यांना त्यातून 'कुंदकुंद आणि इतर आचार्य' हाच अर्थ अभिप्रेत असतो. बांच्या पाठात 'स्थूलिभद्राद्या' आहे, म्हणजे अनेकवचन अगदी नीट. हे कबूल करताना मामाजी मिशीत हसले.

चाल आणि मोजमाप दोन्हीकडे सारखंच. चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, अनुष्टुभ. वीर तेच, गौतम तेच, धर्म तोच. तिसरं घर तेवढं प्रत्येकाने आपल्या परंपरेच्या आचार्यांसाठी ठेवलं. आपल्याकडे कुंदकुंद का, तर दिगंबर मुनिपरंपरा स्वतःला त्यांच्या अन्वयातली म्हणवते. आपल्या भागातल्या जुन्या धातूच्या मूर्तींच्या पीठावर कोरलेलं वाचून पाहा : मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण आणि मग कुंदकुंदाचार्यान्वय. कारंज्यातल्या भट्टारकांच्या एका गादीची हीच ओळख. अभिषेकाच्या वेळी मूर्ती आपल्या हातात असते, पण त्या अक्षरांकडे क्वचितच कुणी बघतं.

मग मामाजींनी स्थूलिभद्रांची गोष्ट लिहायला सांगितली. ही श्वेतांबर परंपरेची गोष्ट आहे, आपल्याकडे भद्रबाहू स्वामी दुष्काळात दक्षिणेला गेले असं मानतात. पण मामाजींचं बाजारातलं दुकान एका ओसवाल कुटुंबाच्या दुकानाला लागून होतं. चातुर्मासात त्यांच्या स्थानकात जाऊन बसायचे, तिथे ऐकलेली.

त्या परंपरेनुसार मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला, साधू विखुरले आणि पाठांतर विसरत चाललं. दुष्काळ सरल्यावर पाटलिपुत्राला संघ जमला, ज्याला जे आठवत होतं ते गोळा केलं. अकरा अंगं जुळली. बारावं, ज्यात चौदा पूर्वं होती, ते फक्त भद्रबाहूंना येत होतं आणि ते नेपाळात ध्यानाला बसलेले. संघाने पाचशे साधू शिकायला पाठवले. वेळ थोडा मिळायचा, पाठ संथ चालायचा. कंटाळून एकेक परतला. स्थूलिभद्र एकटे राहिले आणि दहा पूर्वं अर्थासकट शिकले. मग त्यांच्या सात बहिणी, त्याही साध्वी, वंदनेला आल्या. भावाला आपली सिद्धी दाखवायचा मोह झाला. बहिणी आत येऊन पाहतात तर भावाच्या जागी सिंह. घाबरून परत गेल्या. भद्रबाहूंना कळलं, आणि त्यांनी पुढचं शिकवायला नकार दिला. फार विनवण्या झाल्या तेव्हा उरलेली चार पूर्वं दिली, पण नुसते शब्द. अर्थ दिला नाही, आणि पुढे कुणाला शिकवायचं नाही अशी अट घातली.

"लिही," मामाजी म्हणाले, "शब्द मिळाले आणि अर्थ मिळाला नाही, ही त्या गोष्टीतली शिक्षा आहे. म्हणून मी तुला असं सांगणार नाही की अर्थ नसला तरी चालतं. चालत नाही. पण शब्दच टाकून दिले तर अर्थ कुठे ठेवशील?"

तो दिवस तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर मला हाक मारून म्हणाले, कुंदकुंदांचं राहिलंच. आणि समयसारातला आठव्या गाथेचा दाखला सांगितला. परकी भाषा बोलणाऱ्याला त्याच्याच भाषेत सांगितल्याशिवाय समजावता येत नाही, तसंच परमार्थही व्यवहाराच्या भाषेशिवाय शिकवता येत नाही, असं कुंदकुंदांनी तिथे म्हटलं आहे. त्यावर अमृतचंद्र आचार्यांनी टीकेत एक चित्रच काढलं आहे. एक ब्राह्मण एका परक्याला 'स्वस्ति' असा आशीर्वाद देतो. त्या माणसाला शब्द कळत नाही, तो मेंढ्यासारखा डोळे न हलवता त्याच्याकडे नुसता बघत राहतो. मग दोन्ही भाषा जाणणारा कुणीतरी त्याला त्याच्या बोलीत सांगतो की याचा अर्थ, तुझा नाश न होवो. तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी येतं.

आशीर्वाद आधीच मिळालेला होता. डोळे भरले ते अर्थ कळल्यावर. आणि ज्यांचं नाव आपण संस्कृत श्लोकात घेतो त्या कुंदकुंदांनी स्वतः प्राकृतात लिहिलं, हेही मामाजींनी मुद्दाम पत्रात घालायला लावलं. बांच्या नातीला इंग्रजीत सांग, असा त्याचा अर्थ. तिची भाषा ती आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी सगळ्यात हळू सांगितलं. हा श्लोक झोपण्याचा नाहीच. तो शास्त्र वाचायला सुरुवात करण्याचा आहे. मंदिरात शास्त्रसभेत वक्ता ग्रंथ उघडण्याआधी जे मंगलाचरण म्हणतो, त्याच्या शेवटी हा येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण घरात तो झोपेपाशी कसा आला? मामाजींच्या लहानपणी दिवसाउजेडी जेवणं व्हायची. दिवे लागल्यावर पुढे तीन तास हाताला काम नसायचं. त्यांचे वडील चौरंगावर ग्रंथ ठेवत, वेष्टन सोडत, सगळे मिळून हा श्लोक म्हणत आणि वाचन सुरू होई. कधी पद्मपुराण, कधी रत्नकरंड श्रावकाचार. मुलं ऐकता ऐकता पेंगायची. पुढे वडील गेले, दुकानाची वेळ वाढली, घरात टीव्ही आला. वाचन आठवड्यावर गेलं, मग पर्युषणावर. श्लोक मात्र मुलांच्या तोंडात बसलेला होता, तो त्याच वेळेला चिकटून राहिला. पुढचं पान गळालं आणि त्याच्या जागी झोप आली.

मी हे लिहून घेतलं आणि काही बोलले नाही. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा वाचन आठवड्यावर आलेलंच होतं. शनिवारी रात्री कंदिलाची काच पुसून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण पावसाळ्यात विजेच्या दिव्यावर किडे फार येत आणि मामाजी तो लावू देत नसत.

पत्रात या प्रश्नाखाली त्यांनी एवढंच सांगितलं : "झोपताना म्हटलास तरी दोष नाही. पण म्हटल्यावर एखादी तरी ओळ वाच." सोबत रत्नकरंडाची मराठी अर्थाची छोटी प्रत पाठवा म्हणाले. पाकिटाचं वजन वाढलं, पोस्टाचे पैसे पत्रापेक्षा पुस्तकालाच जास्त पडले.

लेस्टरच्या जैन सेंटरबद्दलही पुतण्याने लिहिलं होतं. ती जुनी चर्चची इमारत आहे. आत संगमरवरी श्वेतांबर देरासर आहे, त्याच छपराखाली दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासींचा उपाश्रय आहे आणि गौतमस्वामींचं वेगळं मंदिर आहे. १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. हे ऐकून मामाजींनी दोनदा विचारलं, "गौतमांचं वेगळं?" मग म्हणाले, बरोबरच आहे, दुसरा चरण दोघांचा एकच आहे ना.

पत्र बंद करण्याआधी त्यांना काहीतरी आठवलं. स्थूलिभद्रांच्या सात बहिणींची नावं त्यांनी स्थानकात पाठ केली होती. यक्षा आठवली, भूता आठवली, सेणा, वेणा, रेणा ही शेवटची तिन्ही एका दमात आठवली. मधली दोन काही केल्या येईनात. पाकिटाला गोंद लावून झाला होता, म्हणून मागच्या बाजूला, पत्त्याच्या खाली, मला बारीक अक्षरात लिहावं लागलं : "उरलेल्या दोघींची नावं बांना विचार आणि कळव."